सही झाल्यानंतरचा आदेश: महसुली पुनर्विलोकनाची वाट

महसूल कार्यालयात सर्वांत जास्त ऐकू येणारी विनंती असते, “साहेब, आदेशात चूक झाली आहे, तेवढी दुरुस्त करून द्या.” विनंती करणाऱ्याला वाटते की आदेश ज्यांनी दिला त्यांनाच तो बदलता येणार. नवीन अधिकाऱ्यालाही कधीकधी तसेच वाटते. कायदा मात्र उलट्या टोकापासून सुरू होतो. दोन पक्षांचे म्हणणे ऐकून दिलेला निर्णय अधिकाऱ्याने जाहीर केला की तो त्याच्या हातून सुटतो. तो पुन्हा हातात घ्यायचा तर कायद्याने तसा अधिकार स्पष्टपणे किंवा अपरिहार्य अर्थाने दिलेला असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली पटेल नरशी ठाकरशी प्रकरणात हेच सांगितले. तो वादही जमिनीचाच होता, सौराष्ट्रातल्या जमीन सुधारणा कायद्याखालचा. आजही पुनर्विलोकनावरचा युक्तिवाद बहुधा याच निकालापासून सुरू होतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये हा अधिकार दिलेला आहे. कलम २५८, पुनर्विलोकन. पण सोबत इतक्या अटी आहेत की त्या ओळीने पाळल्या नाहीत तर बरोबर असलेली दुरुस्तीही पुढे अपिलात कोसळते. हे अर्ज लिहिताना आणि चालवताना जे पुन्हा पुन्हा समोर येते, ते इथे एका प्रकरणाच्या आधाराने मांडतो. प्रकरण अनेक फायलींमधल्या सारख्या गोष्टी एकत्र करून घेतले आहे, त्यामुळे त्यात कोणाचे नाव, गाव किंवा गट क्रमांक शोधू नये.

खातेदार मयत. जमीन त्याची स्वकष्टार्जित, क्षेत्र २ हेक्टर ४० आर. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. थोरला मुलगा नोंदणी न केलेले मृत्युपत्र पुढे करतो आणि सगळी जमीन आपल्याला दिल्याचे सांगतो. बाकीचे हरकत घेतात, नोंद तक्रारी होते आणि मंडळ अधिकारी मृत्युपत्राप्रमाणे फेरफार मंजूर करतो. मुलगी प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करते. धाकटा भाऊ आणि आई तिच्या बाजूने उभे राहतात. प्रांत मृत्युपत्र संशयास्पद ठरवतात, फेरफार रद्द करतात आणि निष्कर्षात लिहितात की चारही वारस समान हिश्श्याने पात्र आहेत. शेवटच्या ‘आदेश’ या भागात मात्र पत्नी आणि दोन मुलगे अशी तीनच नावे येतात, प्रत्येकी ८० आर. मुलीचे नाव गळते.

आता तिघे जण तीन तक्रारी घेऊन येतात. मुलगी म्हणते, माझे नाव राहिले. धाकटा म्हणतो, बहिणीने वडिलांच्या मृत्यूनंतर आम्हा दोघा भावांच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले होते, ते लावायचे राहिले. थोरला म्हणतो, मृत्युपत्राचा पुरावा प्रांतांनी नीट वाचलाच नाही. तिघांनाही तोच आदेश बदलून हवा आहे आणि तिघांचाही अर्ज ‘पुनर्विलोकन’ या एकाच शीर्षकाखाली आलेला असतो. कायद्याच्या नजरेत मात्र ही तीन वेगळी प्रकरणे आहेत.

मुलीचे प्रकरण सर्वांत सोपे. चूक शोधायला आदेशाच्या बाहेर जावे लागत नाही. निष्कर्षात चार वारस, आदेशात तीन नावे. २ हेक्टर ४० आरचे चार समान भाग म्हणजे प्रत्येकी ६० आर, आणि आदेशात ८० आर लिहिले आहेत. आदेशाच्या दोन परिच्छेदांतली विसंगती वाचताक्षणी दिसते, तिला नवा पुरावा लागत नाही आणि मतभेदाला जागा नाही. लेखनातली चूक म्हणतात ती ही. कलम २५८ मध्ये अशा चुकीला एक मोठी सवलत आहे. जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या किंवा पूर्वाधिकाऱ्याच्या आदेशाचे पुनर्विलोकन करण्याआधी लगतच्या वरिष्ठाची मंजुरी घ्यावी लागते. लेखनातल्या चुकीसाठी ही मंजुरी लागत नाही. म्हणजे इथे प्रांत जिल्हाधिकाऱ्यांकडे फाईल न पाठवता स्वतः दुरुस्ती करू शकतात.

पण एवढ्यावरून ‘साधी चूक आहे’ म्हणून शुद्धिपत्रक काढून मोकळे होणे ही इथली नेहमीची फसगत आहे. मंजुरी माफ असली तरी नोटीस माफ नाही. आदेश बदलण्याआधी संबंधित पक्षांना हजर राहून मूळ आदेशाच्या बाजूने बोलण्याची संधी दिलीच पाहिजे, अशी स्वतंत्र अट आहे आणि तिला लेखनातल्या चुकीचा अपवाद नाही. भावांचा हिस्सा ८० वरून ६० आरवर येणार आहे. त्यांना न ऐकता काढलेले शुद्धिपत्रक थोरला भाऊ पहिल्याच तारखेला उलटवतो. अर्ज लिहिताना म्हणून आम्ही दोन्ही परिच्छेदांचे क्रमांक देऊन त्यातली वाक्ये जशीच्या तशी शेजारी मांडतो, खाली क्षेत्राची बेरीज देतो आणि सर्व जाबदेणाऱ्यांचे पत्ते पूर्ण लिहितो. कायद्याचा युक्तिवाद एका ओळीपलीकडे नेत नाही. लेखनातली चूक पटवायला चार पाने लागत असतील तर ती लेखनातली चूक नसते.

धाकट्या भावाचे हक्कसोडपत्र दिसायला भक्कम आहे. नोंदणीकृत दस्त, बहिणीची सही, दोन साक्षीदार. कलम २५८ मध्ये पुनर्विलोकनाची तीन कारणे दिली आहेत: नवीन व महत्त्वाची बाब किंवा पुरावा सापडणे, अभिलेख पाहताच दिसणारी चूक, आणि अन्य पुरेसे कारण. धाकट्याचा वकील पहिल्या कारणावर बोट ठेवतो. अडचण ‘सापडणे’ या शब्दाची आहे. दस्त ज्याच्या लाभात झाला तो स्वतःच अर्जदार आहे. त्याला दस्ताची माहिती पहिल्या दिवसापासून होती. अपिलात तो बहिणीच्या बाजूने उभा होता, कारण तेव्हा समोर थोरल्याचे मृत्युपत्र होते आणि बहिणीचा हक्क नाकारणे त्याच्या सोयीचे नव्हते. माहिती असूनही लावला नाही, तो पुरावा नंतर सापडला असे म्हणता येत नाही. वाजवी तपास करूनही आधी मिळाला नसता, हे अर्जदाराने दाखवावे लागते. वकिलाकडून लावायचा राहिला, हे कारण तिथे टिकत नाही.

हेच दस्त मयताने हयातीत केलेले बक्षीसपत्र असते, दुसऱ्याच तालुक्यातल्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले, आणि वारसांपैकी कोणालाही माहीत नसते, तर चित्र वेगळे झाले असते. तेव्हा अर्जासोबत सूची दोनचा उतारा, तो कधी आणि कशामुळे मागवला त्याचे प्रतिज्ञापत्र आणि आधी का कळू शकले नाही याचे तारखांसह स्पष्टीकरण लावले तर अर्ज उभा राहतो. ‘कधी कळले’ ही एक तारीख ज्या प्रतिज्ञापत्रात नसते, त्यावर आम्ही फार आशा ठेवत नाही.

धाकट्याची वाट इथे बंद होते असे मात्र नाही. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करून तिथे दस्त जादा पुरावा म्हणून ठेवण्याची परवानगी मागू शकतो. किंवा त्याहून सरळ, नोंदणीकृत हक्कसोडपत्राच्या आधारे स्वतंत्र फेरफारासाठी तलाठ्याकडे अर्ज करू शकतो. आधी वारस म्हणून चार नावे लागतील, मग हक्कसोडपत्राने बहिणीचा हिस्सा कमी होईल. ती हरकत घेईल, प्रकरण तक्रारी होईल, दस्ताच्या खरेपणावर दिवाणी न्यायालयातही जाईल. पण तो नवा वाद असेल आणि त्यासाठी प्रांतांचा जुना आदेश मोडावा लागणार नाही. पुनर्विलोकनाच्या अर्जात अडकून महिने घालवणाऱ्यांपैकी पुष्कळांना खरे तर एवढीच वाट हवी असते.

थोरल्याची तक्रार सर्वांत जोरात मांडली जाते आणि पुनर्विलोकनात सर्वांत कमजोर असते. त्याचे म्हणणे असे, की मृत्युपत्रावरच्या एका साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र दिलेले असताना प्रांतांनी ते अविश्वसनीय ठरवले ते चुकीचे आहे. शक्य आहे, चुकीचेही असेल. पण ते चुकीचे का, हे सांगायला साक्षीदाराचे शब्द तपासावे लागतात, मयताची प्रकृती, सहीतला फरक, मृत्युपत्र उशिरा पुढे आल्याचे कारण, हे सगळे पुन्हा तोलावे लागते. सत्यनारायण हेगडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटी इथे कामाला येते: ज्या मुद्द्यावर दोन मते होऊ शकतात आणि जी चूक दाखवायला लांबलचक विवेचन करावे लागते, ती अभिलेख पाहताच दिसणारी चूक नव्हे. चुकीचा निर्णय आणि उघड चूक यात इथे फरक आहे. पहिल्यासाठी अपील आहे.

उरते ‘अन्य पुरेसे कारण’. शब्द मोकळे वाटतात, म्हणून प्रत्येक अर्जात शेवटी हे कारण जोडलेले असते. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या याच शब्दांवर प्रिव्ही कौन्सिलने १९२२ साली छज्जू राम प्रकरणात सांगितले, की हे कारण आधीच्या दोन कारणांच्या जातीचेच असावे लागते. तेव्हापासून ही वाट अरुंदच राहिली आहे. पुन्हा ऐकावे असे वाटते, नवीन साहेब वेगळ्या मताचे आहेत, दुसऱ्या तालुक्यात वेगळा निर्णय झाला आहे, यांपैकी काहीही तिच्यातून आत येत नाही.

आता तारखा. इथे नुकसान सर्वांत जास्त होते, आणि तेही चांगल्या बाजूचे. खाजगी व्यक्तींमधल्या हक्काच्या प्रश्नावरचा आदेश असेल तर दोन गोष्टी लागू होतात. अधिकारी स्वतः होऊन असा आदेश पुनर्विलोकनाला घेऊ शकत नाही, कार्यवाहीतल्या पक्षानेच अर्ज करावा लागतो. आणि तो अर्ज आदेश दिल्यापासून ९० दिवसांत व्हावा लागतो. दिल्यापासून, मिळाल्यापासून नव्हे. अपिलाचा हिशेब याच्या उलट आहे. प्रांतांच्या आदेशावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करायला ६० दिवस मिळतात, पण ते आदेश अपीलकर्त्याला मिळाल्यापासून मोजतात.

आकड्यांत पाहू. आदेशाची तारीख १० जानेवारी २०२४, आणि मुलीला प्रत मिळाली १२ फेब्रुवारीला. पुनर्विलोकनाचे ९० दिवस ९ एप्रिलला भरतात. त्या वर्षी ९ एप्रिलला गुढीपाडवा होता, आणि शेवटचा दिवस शासकीय सुट्टीचा आला तर सुट्टीनंतरचा दिवस शेवटचा धरतात, म्हणून १० एप्रिल. अपिलाचे ६० दिवस १२ एप्रिलला भरतात. प्रत हातात यायला महिना गेला, त्यामुळे ९० दिवसांची मोठी वाटणारी मुदत ६० दिवसांच्या मुदतीच्या आधीच संपली. प्रत आणखी उशिरा मिळाली तर हा फरक वाढतच जातो. कलम २५१ खाली पुरेसे कारण दाखवून दोन्हीकडे विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि वेगळी सुनावणी लागते. नकलेवर अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तिन्ही तारखांचे शिक्के आहेत ना, हे खिडकीवरच पाहून घ्यावे. नंतर तेच शिक्के कामी येतात.

यात एक कोंडी आहे. अपील प्रलंबित असेपर्यंत त्या आदेशाचे पुनर्विलोकन करता येत नाही, अशी कलम २५८ मध्ये स्पष्ट मनाई आहे. म्हणून ‘दोन्हीकडे टाकून ठेवू’ हा सुरक्षित वाटणारा सल्ला पुनर्विलोकनाचा अर्ज गोठवतो. उलट पुनर्विलोकनाची वाट पाहत बसलात तर अपिलाची मुदत जाते. आणि पुनर्विलोकनाचा अर्ज फेटाळला गेला, तर फेटाळण्याच्या आदेशावर अपील नाही. कलम २५२ ते दार बंद करते. पुनर्विलोकनात मूळ आदेश बदलला किंवा उलटवला तरच त्या नव्या आदेशावर मूळ आदेशासारखे अपील होते. म्हणजे फेटाळलेल्या अर्जदाराच्या हातात मूळ आदेशावरचे अपील एवढेच राहते, तेही मुदत उलटून गेल्यावर.

त्यामुळे निवड पहिल्याच आठवड्यात करावी लागते. चूक निव्वळ लेखनातली असेल तर पुनर्विलोकन, कारण मंजुरी लागत नाही आणि निर्णय अपिलाच्या मुदतीतच होण्याची शक्यता असते. दोन दिवस उरले आणि निर्णय नाही, असे झाले तर अपील दाखल करून पुनर्विलोकनाचा अर्ज मागे घेणे हाच शहाणपणा. थोरल्यासारखी पुराव्याची तक्रार असेल तर पुनर्विलोकनाच्या वाटेला जाऊच नये. आमच्या पाहण्यातल्या फसलेल्या अर्जांपैकी बरेचसे मुळात अपिलाचे विषय होते. पुनर्विलोकन निवडण्याचे कारण एवढेच, की तालुक्याच्या जवळच काम होईल.

मंजुरीचा टप्पा फायलीत सर्वांत जास्त बिघडतो. समजा अर्ज लेखनातल्या चुकीपलीकडचा आहे, त्या अज्ञात बक्षीसपत्रासारखा. प्रांतांना जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. जिल्हाधिकाऱ्याने स्वतः दिलेल्या आदेशाला ही मंजुरी लागत नाही, मात्र पूर्वीच्या जिल्हाधिकाऱ्याचा आदेश असेल तर लेखनातली चूक वगळता विभागीय आयुक्तांची मंजुरी लागते. प्रांतांच्या बाबतीत आदेश स्वतःचा की आधीच्यांचा, हा फरकच नाही. दोन्हीकडे मंजुरी. बदलीनंतर आलेले अधिकारी इथे कधीकधी गोंधळतात, आणि अर्जदारही ‘मागच्या साहेबांचा आदेश आहे, हे साहेब बदलू शकतात’ असे गृहीत धरतो.

प्रस्तावात काय असावे, यापेक्षा काय नसावे हे आधी सांगतो. ‘मूळ आदेश चुकीचा असल्याने रद्द करण्यास मंजुरी द्यावी’ असे वाक्य नसावे. ते वाक्य लिहिले की अधिकाऱ्याने ऐकण्याआधीच ठरवले असा आक्षेप येतो आणि नंतरची सुनावणी देखावा ठरते. मंजुरी मागायची ती पुनर्विलोकनाला घेण्याची, निकालाची नव्हे. वरून येणाऱ्या पत्रातही हीच चूक होते. ‘आदेश रद्द करून अहवाल सादर करावा’ असे पत्र आले आणि त्याप्रमाणे आदेश निघाला, तर तो प्रांतांचा निर्णय राहत नाही, वरिष्ठाच्या सांगण्यावरून केलेली सही ठरते. चांगल्या प्रस्तावात मूळ आदेशाची प्रत, अर्जाची प्रत, कलम २५८ मधले नेमके कोणते कारण प्रथमदर्शनी दिसते ते दोन ओळींत, अर्ज मुदतीत आहे की विलंब माफ झाला आहे याचा उल्लेख, आणि या आदेशावर अपील किंवा पुनरीक्षण प्रलंबित नाही याची खातरजमा असते. ही शेवटची गोष्ट वगळली आणि नंतर अपील आधीच दाखल झाल्याचे निघाले, तर पुढचे सगळे वाया.

मंजुरी आल्यावर नोटीस निघते, आधी नव्हे. रोजनाम्यात मंजुरीचा क्रमांक आणि तारीख नोंदलेली असावी, त्यानंतर नोटिसांची बजावणी, मग सुनावणी. अंतिम आदेशात दोन गोष्टी वेगळ्या दिसाव्या लागतात: पुनर्विलोकनाचे कारण सिद्ध झाले का, आणि झाले असेल तर मूळ निर्णयात कोणता बदल. पहिला प्रश्न न सोडवता थेट दुसऱ्यावर लिहिलेले आदेश अपिलात फार वेळ टिकत नाहीत. आणि एकदा पुनर्विलोकनात आदेश झाला की त्याचे पुन्हा पुनर्विलोकन नाही, कोणत्याही कारणाने नाही. कलमाची शेवटची ओळ त्याबाबत शंकेला जागा ठेवत नाही.

इथे कलम १५५ बद्दल बोलणे भाग आहे, कारण पुनर्विलोकनाच्या अटी टाळायच्या असल्या की लोक मागच्या दाराने तिकडे जातात. कलम १५५ अधिकार अभिलेखातल्या लेखनप्रमादासाठी आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर ६० आर होते आणि संगणकावर उतरवताना ६ आर झाले, फेरफारात नाव होते आणि सातबाऱ्यावर ओढायचे राहिले, अशा गोष्टींसाठी. किंवा सगळ्या पक्षांनी मान्य केलेल्या चुकीसाठी. तपासणीत अधिकाऱ्याला चूक दिसली तर पक्षांना नोटीस द्यावी लागते आणि हरकत आली तर ती तक्रारी नोंदीच्या रीतीने निकाली काढावी लागते. नोंद आदेशाप्रमाणेच झाली आहे आणि आदेशच चुकला आहे, अशा वेळी या कलमात हात घालता येत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. सातबारा, फेरफार आणि मूळ आदेश शेजारी ठेवा. आदेश बरोबर आणि नोंद वेगळी असेल तर १५५. नोंद आदेशाशी जुळत असेल तर १५५ नाही, मग तो आदेश कितीही खटकत असो. आपल्या प्रकरणातल्या मुलीचे नाव सातबाऱ्यावर नाही ते आदेशात नाही म्हणून. तहसीलदारांनी कलम १५५ खाली ते लावले तर प्रांतांचा आदेश तहसीलदारांनी दुरुस्त केल्यासारखे होते. तिचा हक्क खरा असूनही ती नोंद रद्द होऊ शकते.

एक युक्तिवाद अधूनमधून येतो, की सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ज्याला आदेश काढण्याचा अधिकार त्याला तो रद्द करण्याचाही अधिकार. अधिसूचना, नियम, प्रशासकीय स्वरूपाचे आदेश यांना ते लागू पडते. कामाचे वाटप बदलणे, चौकशी अधिकारी बदलणे, स्वतःची कार्यालयीन सूचना मागे घेणे, यासाठी पुनर्विलोकनाचे कलम शोधावे लागत नाही. पक्षांना ऐकून हक्कांवर दिलेल्या अर्धन्यायिक निर्णयाला ते कलम लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली राजकीय पक्षांच्या नोंदणीच्या वादात स्पष्ट केले. तो प्रश्न निवडणूक आयोगाला केलेली नोंदणी रद्द करता येते का, हा होता. उत्तर सर्वसाधारणपणे नाही असे आले आणि त्याला मोजके अपवाद ठेवले गेले. त्यातला पहिला, नोंदणी फसवणुकीने मिळवलेली असणे.

फसवणुकीचा अपवाद खरा आहे. १९९३ च्या चेंगलवराय नायडू निकालापासून तो सगळीकडे सांगितला जातो: फसवणुकीने मिळवलेला निर्णय मुळातच शून्य. दुसरा एक खरा अपवाद कार्यपद्धतीतल्या दोषाचा. नोटीस बजावलीच नव्हती, किंवा पुरेशा कारणाने पक्ष हजर राहू शकला नाही आणि त्याच्या पाठीमागे निर्णय झाला, तर तो बाजूला सारून पुन्हा ऐकण्याचा अधिकार १९८० च्या ग्रिंडलेज बँक प्रकरणात औद्योगिक न्यायाधिकरणाला मान्य झाला. त्यात गुणदोषांचा फेरविचार नसतो, न झालेली सुनावणी पूर्ण होते. पण हे दोन्ही शब्द अर्जात फार स्वस्तात वापरले जातात. विरुद्ध बाजूने खोटे सांगितले आणि अधिकाऱ्याने ते मानले, म्हणजे फसवणूक झाली असे नव्हे. ज्यावर सुनावणीत वाद झाला, दोन्ही बाजू बोलल्या आणि निर्णय झाला, तिथे फसवणुकीचा शिक्का लावून पुनर्विलोकन उघडता येत नाही. नोटीस मिळाली नाही म्हणणाऱ्याने आधी बजावणीचा अहवाल आणि रोजनामा काढून पाहावा. त्यावर स्वतःची किंवा वकिलाची सही निघाली तर अर्ज तिथेच संपतो.

एक टप्पा आणखी आधीचा आहे. फायलीवर टिपणी मंजूर झाली, सही झाली, पण आदेश पक्षांना कळवला गेला नाही, तोवर तो आदेश झालेलाच नाही. १९६२ च्या बच्चित्तर सिंग निकालाने हे सांगितले आहे. अशा टिपणीत बदल करणे म्हणजे पुनर्विलोकन नव्हे. म्हणून ‘साहेबांनी आमच्या बाजूने सही केली होती, नंतर बदलली’ या तक्रारीत पहिला प्रश्न असतो जावक क्रमांकाचा. आदेश खुल्या सुनावणीत जाहीर झाला होता का, त्याची प्रत कोणाला गेली होती का? यांपैकी काहीच झाले नसेल तर ती टिपणी होती. झाले असेल तर नंतरचा बदल कलम २५८ च्या कसोटीतूनच गेला पाहिजे.

मुलीचा अर्ज मंजूर झाला असे धरू. पुनर्विलोकनाचा आदेश निघाला, चार नावे, प्रत्येकी ६० आर. यानंतर तलाठ्याने जुना फेरफार खोडायचा नसतो आणि त्यात चौथे नाव घुसवायचेही नसते. नव्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख घेऊन नवीन फेरफार धरला जातो, त्यात ‘यापूर्वीच्या फेरफारात पुनर्विलोकन आदेशान्वये दुरुस्ती’ असा उल्लेख येतो आणि तो प्रमाणित झाल्यावर सातबारा बदलतो. मधल्या काळात थोरल्याने आपले ८० आर विकले असतील तर खरेदीदार संबंधित पक्ष ठरतो. म्हणून पुनर्विलोकनाचा अर्ज दाखल करतानाच ताजा सातबारा काढावा आणि इतर हक्कांच्या रकान्यासह तो वाचावा. नवे नाव दिसले तर ते जाबदेणाऱ्यांत घ्यावे. अर्ज प्रलंबित असताना पुन्हा एकदा, सुनावणी बंद होण्याआधी, उतारा काढून खात्री करावी. खरेदीदाराला नोटीस नसेल तर मुलीच्या बाजूने निघालेला आदेश त्याच एका कारणावर जिल्हाधिकाऱ्यांकडून परत येतो, आणि नोटीस बजावून सुनावणी पुन्हा घ्यावी लागते.